लाल रेषेचा हिशेब

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हायड्रोजन भरलेली काचेची एक बारीक नळी असते. तिच्या दोन टोकांना काही हजार व्होल्टचा दाब दिला की ती गुलाबीसर लाल उजळते. नुसत्या डोळ्यांना एवढंच दिसतं. पण डोळ्यांपुढे विवर्तन जाळी, म्हणजे अतिशय जवळजवळ रेघा ओढलेली पारदर्शक पट्टी धरली, की तो गुलाबी रंग फुटतो आणि अंधारात सुट्या सुट्या रेषा उभ्या राहतात. एक ठळक तांबडी, एक हिरवट निळी, एक जांभळट निळी, आणि नजर तीक्ष्ण असेल तर आणखी एक फिकी जांभळी. इंद्रधनुष्यात असतो तसा नारिंगी नाही, पिवळा नाही. मधल्या जागेत जे पुसट काही जाणवतं ते हायड्रोजनच्या जोडरेणूंचं देणं आहे. विजेच्या धक्क्यानं ज्या रेणूंचे दोन सुटे अणू झाले, त्या अणूंचा प्रकाश या मोजक्या रेषांतच असतो.

यातली तांबडी रेषा शास्त्रज्ञांच्या बोलण्यात ‘एच-अल्फा’ या नावानं ओळखली जाते. तिची तरंगलांबी ६५६.२८ नॅनोमीटर आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पुण्यात मोजा, टोकियोत मोजा, नळी नवी असो की जुनी, आकडा तोच येतो. ६५० का नाही, ६६० का नाही, याचं उत्तर मिळायला जवळपास अर्धं शतक लागलं. आज मात्र तो आकडा कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत काढता येतो, आणि काढताना अणूच्या आतली बरीचशी रचना हाताला लागते.

सुरुवात झाली चार आकड्यांपासून. १८६८ साली स्वीडनच्या आँगस्ट्रॉम यांनी आपली वर्णपटाची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांच्या आकड्यांत हायड्रोजनच्या चार रेषा अशा होत्या: ६५६.२१, ४८६.०७, ४३४.०१ आणि ४१०.१२ नॅनोमीटर. हे आकडे वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर होते. अनेकांनी त्यांत संगीतातल्या सुरांसारखी साधी पटीची नाती शोधून पाहिली, पण हाती काही लागलं नाही. १८८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात, मुलींच्या शाळेत शिकवणारे योहान याकोब बामर नावाचे साठीचे गृहस्थ या आकड्यांपाशी बसले. भौतिकशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. आकड्यांत दडलेला नियम शोधणं ही मात्र त्यांची आवड होती.

बामर यांना दिसलं ते असं. ३६४.५६ हा एकच आकडा घ्या. त्याला ९/५ नं गुणलं की पहिली रेषा येते, ४/३ नं गुणलं की दुसरी, २५/२१ नं तिसरी आणि ९/८ नं चौथी. अपूर्णांक तसे विस्कळीत वाटतात. पण ४/३ ऐवजी १६/१२ लिहिलं आणि ९/८ ऐवजी ३६/३२, की वर ९, १६, २५, ३६ अशी रांग लागते. हे ३, ४, ५, ६ यांचे वर्ग. आणि खाली काय? ५, १२, २१, ३२. म्हणजे त्याच वर्गांतून प्रत्येक वेळी ४ वजा. चारही रेषा या एका सूत्रात इतक्या नेमक्या बसल्या की फरक दशांशानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरात उरला.

सूत्र खरं आहे की आकड्यांचा खेळ, हे ठरवायचा मार्ग एकच होता. पुढचा अपूर्णांक ४९/४५. त्यावरून पाचवी रेषा ३९६.९७ नॅनोमीटरला असायला हवी. दृश्य प्रकाशाच्या अगदी काठावर. अशी रेषा कुणी पाहिली आहे याची बामर यांना कल्पना नव्हती. बाझेल विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हागेनबाख यांनी त्यांना सांगितलं की ही रेषा तर माहीत आहेच, शिवाय तिच्या पलीकडच्याही कितीतरी रेषा पांढऱ्या ताऱ्यांच्या वर्णपटांत मोजल्या गेल्या आहेत. बामर यांनी त्या ताडून पाहिल्या आणि सगळ्या सूत्रात बसल्या.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आँगस्ट्रॉम यांचे आकडे मुळात किंचित चुकीचे होते. त्यांनी ज्या मीटरपट्टीशी आपली मोजमापं जुळवली होती तिच्यातच थोडी चूक होती, आणि त्यामुळे त्यांच्या तरंगलांब्या दर दहा हजारांत एखाद्या भागानं कमी भरत होत्या. पण चूक सगळ्या रेषांत एकाच प्रमाणात होती. बामर शोधत होते ती गुणोत्तरं, त्यामुळे त्यांना धक्का लागला नाही. प्रत्येक रेषा वेगवेगळ्या चुकीनं मोजलेली असती तर ते अपूर्णांक दिसलेच नसते.

पुढे काही वर्षांतच स्वीडनच्या युहानेस रिडबर्ग यांनी हे सूत्र अधिक सोयीच्या रूपात मांडलं. त्यांनी तरंगलांबी न घेता तिचा व्यस्त घेतला, म्हणजे एका मीटरमध्ये किती लाटा मावतात ती संख्या. मग बामर यांचं सूत्र असं दिसू लागलं:

1/λ = R (1/2² − 1/n²)

यात λ म्हणजे तरंगलांबी, n म्हणजे ३, ४, ५ अशी पूर्ण संख्या, आणि R हा स्थिरांक साधारण एक कोटी नऊ लाख सत्तर हजार प्रतिमीटर. हाच आजचा रिडबर्ग स्थिरांक. बामर यांच्या गुणाकाराच्या जागी आता वजाबाकी आली. प्रत्येक रेषा म्हणजे दोन गोष्टींमधला फरक. त्या दोन गोष्टी कोणत्या, हे मात्र अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९११ साली रदरफर्ड यांनी अणूच्या मध्यभागी जड केंद्रक असल्याचं दाखवलं. त्यानं एक अडचण निर्माण झाली. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन त्या काळच्या नियमांप्रमाणे सतत प्रकाश फेकत, ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळायला हवा. हिशेब केला तर हायड्रोजनचा अणू सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास संपायला हवा, आणि संपताना त्यानं सगळे रंग सलग फेकायला हवेत. प्रत्यक्षात अणू टिकतात आणि रंग सुटे सुटे येतात. १९१३ च्या सुरुवातीला कोपनहेगनमध्ये सत्तावीस वर्षांचे नील्स बोर याच कोड्यात होते. हान्सेन या सहकाऱ्यानं त्यांना विचारलं, की तुमच्या अणूवरून वर्णरेषांचं काय सांगता येतं? आणि बामर यांचं सूत्र पाहायला सुचवलं. ते पाहिल्याबरोबर आपल्याला सारं उमगलं, असं बोर पुढे सांगत असत.

बोर यांचं म्हणणं थोडक्यात असं. अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल ती ऊर्जा असू शकत नाही. त्याला ठरावीक ऊर्जापातळ्या आहेत आणि त्यांवर तो असतो तोवर प्रकाश फेकत नाही. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर तो आला की दोन पातळ्यांमधल्या ऊर्जेचा फरक एका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाच्या रूपानं बाहेर पडतो. फरक मोठा असेल तर तरंगलांबी लहान, फरक लहान असेल तर तरंगलांबी मोठी. रिडबर्ग यांच्या वजाबाकीतल्या दोन गोष्टी म्हणजे या दोन पातळ्या.

हायड्रोजनच्या पातळ्या इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मांडतात. एक व्होल्टच्या दाबातून गेल्यावर इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सगळ्यात खालची, पहिली पातळी उणे १३.६. दुसरी त्याच्या चौथा हिस्सा, उणे ३.४. तिसरी नववा हिस्सा, उणे १.५१. चौथी सोळावा हिस्सा, उणे ०.८५. असं करत करत शून्याकडे. आपल्याकडची जुनी बारव डोळ्यांपुढे आणा. जमिनीची पातळी म्हणजे शून्य. तिथे पोचलेला इलेक्ट्रॉन अणूतून सुटला. त्याखालची प्रत्येक पायरी जमिनीपासून किती खोल आहे ते उणे आकडा सांगतो. फक्त ही बारव विचित्र बांधणीची आहे. तळाची पायरी प्रचंड उंच, दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त. तिच्या वरची दोनहून कमी, त्यावरची पाऊणच्याही आत. जमिनीजवळच्या पायऱ्या तर इतक्या पातळ की एकमेकींना चिकटल्यासारख्या.

बोर यांच्या कामाला वजन आलं ते एका आकड्यामुळे. रिडबर्ग स्थिरांक तोवर केवळ मोजून मिळवलेला होता. बोर यांनी तो इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक यांवरून काढून दाखवला. त्या काळी ही मूल्यं पुरेशी अचूक माहीत नव्हती, त्यामुळे उत्तर पाच-सहा टक्क्यांनी कमी आलं. तरी वर्णपटाशी काही संबंध नसलेल्या तीन मोजमापांमधून वर्णपटाचा स्थिरांक इतका जवळ यावा, ही साधी गोष्ट नव्हती.

आता लाल रेषेचा हिशेब करू. ती तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येणाऱ्या इलेक्ट्रॉनची रेषा. दुसरी पातळी उणे ३.४०, तिसरी उणे १.५१. फरक १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये असेल तर १२४० ला तिनं भागावं, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. १२४० हा आकडा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, सोयीच्या एककांत मांडलेला. नेमका हवा तर १२३९.८४. १२४० भागिले १.८९ म्हणजे ६५६. उत्तर आलं.

या गणितात विद्यार्थी कुठे घसरतात तेही पाहण्यासारखं आहे, कारण चूक उत्तरावरूनच ओळखता येते. सूत्रात वर्ग करायचा राहिला आणि १/४ वजा १/९ ऐवजी १/२ वजा १/३ घेतलं, तर तरंगलांबी ५४७ नॅनोमीटर येते. हा हिरवा रंग. समोर नळीत तांबडी रेषा दिसत असताना उत्तर हिरवं आलं, म्हणजे वर्ग हरवला. शेवटी व्यस्त घ्यायचा विसर पडला तर पंधरा लाखांच्या आसपासचा आकडा येतो. ती तरंगलांबी नाही, एका मीटरमधल्या लाटांची संख्या आहे. तिसरी चूक जास्त फसवी. तिसऱ्या पातळीवरून थेट पहिलीवर येताना किती तरंगलांबी, हे काढायला काही जण दोन टप्प्यांच्या तरंगलांब्यांची बेरीज करतात. ६५६ आणि १२१.६ मिळून ७७८ आलं, तर ते अशक्य आहे. मोठ्या उडीत जास्त ऊर्जा सुटते, म्हणून तरंगलांबी दोघींपेक्षाही लहान हवी. बेरीज ऊर्जांची होते, किंवा तरंगलांब्यांच्या व्यस्तांची. तशी केली की १०२.६ नॅनोमीटर मिळतं, आणि तिथे खरोखरच रेषा आहे.

पण चिकित्सक वाचक इथे थांबणार नाही. प्लांकचा स्थिरांक वगैरे आजची अचूक मूल्यं घालून हिशेब केला तर ६५६.११ येतं. मोजमाप सांगतं ६५६.२८. फरक ०.१७ नॅनोमीटर. ऐकायला नगण्य, पण वर्णपटमापक यापेक्षा शेकडो पटींनी बारीक मोजतात. एवढा फरक गणितात कुठेतरी गफलत झाल्याचं लक्षण आहे.

गफलत अशी की केंद्रक जागचं हलत नाही असं आपण धरलं. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड असला तरी तोही किंचित डुलतो. दोघंही आपल्या सामाईक मध्याभोवती फिरतात. हे धरलं की सगळ्या पातळ्यांमधलं अंतर साधारण १८३७ व्या भागानं कमी होतं. रिडबर्ग स्थिरांक १,०९,७३,७३२ वरून १,०९,६७,७५८ वर येतो आणि लाल रेषा ६५६.४७ ला सरकते. म्हणजे आता उत्तर मोजमापापेक्षा जास्त झालं. उरलेली तफावत आहे हवेची. आपलं गणित निर्वात पोकळीचं आणि मोजमाप प्रयोगशाळेतल्या हवेतलं. हवेत प्रकाशाचा वेग दहा हजारांत पावणेतीन भागांनी कमी होतो आणि तरंगलांबी तेवढीच आखडते. ६५६.४७ चे ६५६.२९ होतात.

निर्वात आणि हवा हा घोळ पुस्तकी नाही. दृश्य प्रकाशाच्या जुन्या कोष्टकांत हवेतल्या तरंगलांब्या असतात, अनेक आधुनिक आकाशसर्वेक्षणांत निर्वातातल्या. ताऱ्याची रेषा एका कोष्टकातली आणि तुलनेची दुसऱ्या कोष्टकातली घेतली, तर जागच्या जागी असलेला तारा सेकंदाला ऐंशी किलोमीटर वेगानं पळताना दिसेल.

केंद्रकाच्या डुलण्याचा परिणामही असाच कामाचा ठरला. केंद्रक दुप्पट जड असेल तर ते कमी डुलेल आणि लाल रेषा ०.१८ नॅनोमीटरनं निळ्याकडे सरकेल. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये द्रवरूप हायड्रोजन उकळवून शेवटी उरलेला, जड अणूंचं प्रमाण वाढलेला वायू नळीत भरला आणि बामर रेषांच्या बाजूला नेमक्या हिशेबानं येणाऱ्या जागी फिक्या जोडरेषा शोधल्या. त्या सापडल्या. हा ड्युटेरियम, जड पाण्यातला हायड्रोजन. १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल युरी यांना त्यासाठी मिळालं.

तरी ६५६.२९ आणि ६५६.२८ यांत शेवटचा एक शतांश उरतोच. तो बोर यांच्या चित्राच्या मर्यादेचा आहे. लाल रेषा मुळात एक नाहीच, अगदी जवळ असलेल्या रेषांचा तो झुबका आहे. १८८७ मध्येच मायकेलसन आणि मॉर्ली यांना ती दुहेरी असल्याचं दिसलं होतं. इलेक्ट्रॉनच्या वेगामुळे येणारा सापेक्षतेचा परिणाम आणि त्याची स्वतःची फिरकी धरली की पातळ्या किंचित खाली सरकतात आणि फाटतात. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरावीक कक्षेत फिरतो ही कल्पनाही १९२६ मध्ये श्रोडिंजर यांच्या समीकरणानंतर मागे पडली. पातळ्यांचे आकडे मात्र त्या समीकरणातूनही तेच निघाले. आणि हे साधं सूत्र चालतं ते एकच इलेक्ट्रॉन असलेल्या अणूला. हेलियममध्ये दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, की ते तिथेच कोलमडतं.

बामर यांच्या रेषा दिसतात त्या दुसऱ्या पातळीवर येणाऱ्या उड्यांच्या. इलेक्ट्रॉन इतर पातळ्यांवरही उतरतातच. पहिलीवर उतरणाऱ्यांच्या रेषा हार्वर्डच्या थिओडोर लायमन यांनी १९०६ पासून शोधल्या. तळाची पायरी उंच असल्यामुळे त्या सगळ्या अतिनील भागात येतात, १२१.६ पासून ९१.२ नॅनोमीटरपर्यंत. हा प्रकाश हवेतला ऑक्सिजन गिळून टाकतो, म्हणून लायमन यांना सगळं उपकरण निर्वातात ठेवावं लागलं. तिसरीवर उतरणाऱ्या रेषा पाशेन यांनी १९०८ मध्ये अवरक्त भागात टिपल्या. चौथी आणि पाचवी पातळी पुढे ब्रॅकेट आणि फुंड यांच्या नावानं ओळखली गेली. नावं पाच, पण सूत्र एकच. फक्त २ च्या जागी १, ३, ४ किंवा ५ घालायचा. प्रत्येक मालिकेच्या रेषा एका बाजूला दाटत जातात आणि एका हद्दीवर संपतात. बामर यांचा ३६४.५६ हा आकडा म्हणजे त्यांच्या मालिकेची हीच हद्द.

यात एक बाब सहसा सांगितली जात नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात रंजक आहे. नळीत तांबडी रेषा उजळ दिसते. सूर्याच्या वर्णपटात त्याच जागी ती काळी दिसते, कारण सूर्याच्या बाहेरच्या थरांतला हायड्रोजन खालून येणारा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन दुसरीवरून तिसरीवर चढतो. पण त्यासाठी इलेक्ट्रॉन आधी दुसऱ्या पातळीवर असायला हवा. पहिलीवर बसलेल्याला हा लाल प्रकाश काहीच करू शकत नाही. त्याला किमान १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि लाल फोटॉनकडे आहेत १.८९. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. तिथे दुसऱ्या पातळीवर असलेले अणू किती, तर एक अब्जात पाच-सहा! एवढ्या थोड्या अणूंनी इतकी ठळक काळी रेषा उमटते, याचा अर्थ हायड्रोजन तिथे अफाट असला पाहिजे.

अभिजित तारा सुमारे ९,६०० केल्विनचा. तिथे हेच प्रमाण हजारो पटींनी वाढतं आणि बामर रेषा रुंद, ठसठशीत होतात. मग वीस-तीस हजार केल्विनच्या ताऱ्यांत त्या आणखी ठळक हव्यात? नाही, उलट फिक्या पडतात. इतक्या उष्णतेत बहुतेक अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटूनच गेलेला असतो, आणि ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन नाही त्याला पातळीही नाही. कोणत्या तापमानाला आणि दाबाला किती अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटेल, हे सांगणारं समीकरण कोलकात्याच्या मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलं. त्याच्याच आधारानं सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या आपल्या प्रबंधात हिशेब केला आणि ताऱ्यांमध्ये हायड्रोजन इतर सगळ्या मूलद्रव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असल्याचं उत्तर काढलं. त्या काळचे दिग्गज हेन्री नॉरिस रसेल यांनी ते अशक्य ठरवलं, आणि पेन यांना प्रबंधात आपलाच निष्कर्ष खरा नसावा असं लिहावं लागलं. १९२९ मध्ये रसेल स्वतःच्या हिशेबानं त्याच उत्तरापर्यंत आले. पेन यांना तेव्हाच मान द्यायला हवा होता, असं मला वाटतं. गणित त्यांचं बरोबर होतं.

सूत्रातली n ही संख्या कुठवर वाढू शकते? प्रयोगशाळेच्या नळीत फार नाही. पातळी जितकी वरची तितका अणू फुगत जातो, व्यास n च्या वर्गाच्या प्रमाणात. तळाच्या पातळीवर हायड्रोजनचा अणू नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढा. १६६ व्या पातळीवर तो जवळपास तीन हजार नॅनोमीटरचा होतो, एखाद्या जिवाणूएवढा. असा ढिला अणू नळीत शेजाऱ्याला धडकून लगेच मोडतो. अवकाशातल्या विरळ वायूत मात्र तो टिकतो. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात उष्ण तारे हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे करत असतात. त्यातला एखादा पुन्हा केंद्रकाच्या हाती लागतो तो बहुधा वरच्या पातळीवर, आणि तिथून पायरी पायरीनं खाली उतरतो. शेवटच्या काही पायऱ्यांवर तो लाल प्रकाश देतो. त्या तेजोमेघाच्या छायाचित्रांतला लाल रंग हाच.

वरच्या पातळ पायऱ्यांवर सुटणाऱ्या फोटॉनची ऊर्जा इतकी कमी असते की तो रेडिओलहर होतो. १६७ वरून १६६ वर येणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी बामर-रिडबर्ग सूत्र वापरलं तर वारंवारता १४२४.७ मेगाहर्ट्झ येते, तरंगलांबी २१.०४ सेंटिमीटर. अशा रेषा १९६४ मध्ये रशियात पहिल्यांदा निर्विवादपणे टिपल्या गेल्या. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ, नारायणगावच्या परिसरात पसरलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या ज्या पट्ट्यांत ऐकतात, त्यांतला एक पट्टा नेमका इथेच आहे. पण हायड्रोजनची आणखी एक प्रसिद्ध रेडिओरेषा याच शेजारी, १४२०.४ मेगाहर्ट्झला, तिचीही तरंगलांबी २१ सेंटिमीटरच. तिचा पातळ्यांच्या उड्यांशी काही संबंध नाही. ती तळाच्या पातळीवरच्याच इलेक्ट्रॉनची फिरकी उलटताना येते आणि थंड वायूतूनही येते. म्हणून बातमीत किंवा लेखात ‘हायड्रोजनची एकवीस सेंटिमीटरची रेषा’ असं वाचलंत, तर ती बहुतेक वेळा ही दुसरी, फिरकीची रेषा समजावी. बामर यांच्या सूत्रातून आलेली रेषा असेल तर तिच्यासोबत १६६ सारखा पातळीचा आकडा लिहिलेला सापडेल.